खून की सदोष मनुष्यवध : एका सोळा मार्कांच्या उत्तराची तयारी

मी तालुक्याच्या कोर्टात नक्कल विभागात काम करते आणि संध्याकाळी एलएलबीचं कॉलेज. नोकरीमुळे '३०२', '३०४ भाग दोन', '३०४ अ' हे जुन्या भारतीय दंड संहितेतले आकडे रोज हाताखालून जायचे : खून, सदोष मनुष्यवध आणि हयगयीने झालेला मृत्यू. दोषारोपपत्रांच्या नकला काढताना एक गोष्ट सारखी दिसायची. एफआयआरमध्ये पोलिसांनी ३०२ लावलेलं असायचं आणि निकालपत्राच्या शेवटच्या पानावर शिक्षा मात्र ३०४ खाली व्हायची. माणूस तोच, काठी तीच, पीएम रिपोर्टही तोच. मग मधल्या दोनशे पानांत नेमकं काय घडलं, हे मला कळत नव्हतं. फौजदारी कायद्याच्या पेपराची तयारी करताना मी हाच प्रश्न धरून बसले, कारण समस्येच्या रूपात तो जवळपास दरवर्षी येतो.

आमच्या कॉलेजात शिकवायला एक निवृत्त सरकारी वकील येतात. त्यांनी पहिल्याच तासाला फळ्यावर एकच समस्या लिहिली आणि पुढचे कितीतरी तास तीच उलटसुलट फिरवली. समस्या अशी : अ आणि ब यांची शेतं बांधाला लागून. कॅनॉलच्या पाण्याची पाळी रात्रीची. अ दारं मोडत असताना ब आला, पाणी आपल्याकडे वळवलं म्हणून शिवीगाळ झाली, ब ने अ ला धक्का देऊन गुद्दा मारला. अ च्या हातात फावडं होतंच. त्याने फावड्याच्या लाकडी दांड्याने ब च्या डोक्यावर एक फटका मारला आणि ब पडल्यावर तो पळून गेला. ब ला ग्रामीण रुग्णालयातून जिल्हा रुग्णालयात हलवलं. सहाव्या दिवशी तो मेला. डॉक्टरांची साक्ष : कवटीला फ्रॅक्चर, मेंदूत रक्तस्राव, ही इजा सामान्य निसर्गक्रमानुसार मृत्यू घडवून आणण्यास पुरेशी होती. अ चा गुन्हा कोणता?

वर्गात बहुतेकांनी 'खून' म्हटलं, काहींनी 'अपघात'. सर म्हणाले, "निकाल नको मला. कुठून चालायला सुरुवात केली ते सांगा."

त्यांची चाल ठरलेली होती आणि ती सुटली की उत्तर भरकटतं. आधी मृत्यू आरोपीच्या कृतीमुळे झाला का ते बघायचं. मग दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १००, म्हणजे सदोष मनुष्यवध. तिथे बसलं तरच कलम १०१, म्हणजे खून. खुनात बसलं तर त्याच कलमातले पाच अपवाद. अपवादात गेलं, किंवा खुनापर्यंत पोचलंच नाही, तर सदोष मनुष्यवधाच्या शिक्षेच्या कलम १०५ चा पहिला भाग की दुसरा. आणि १०० मध्येच बसलं नाही तर, विचार करून, १०६, म्हणजे हयगयीने मृत्यू. थेट १०१ पासून सुरुवात केली की विद्यार्थी फावडं, रक्त, पळून जाणं असल्या गोष्टींत अडकतो. कायद्याला क्रौर्याचं मोजमाप नको असतं. त्याला दोनच गोष्टी हव्या असतात : आरोपीच्या मनात काय होतं, आणि त्या कृतीतून मरण येणं कितपत निश्चित होतं.

पहिली पायरी सोपी वाटते, पण समस्येतले 'सहा दिवस' तिथेच अडवायला ठेवलेले असतात. बचाव पक्ष म्हणणार की वेळेवर न्यूरोसर्जन मिळाला असता तर ब वाचला असता. कलम १०० खालचं स्पष्टीकरण याचं उत्तर देतं : योग्य उपचारांनी मृत्यू टळला असता, एवढ्यावरून मृत्यू आरोपीने घडवला नाही असं होत नाही. त्याच्याच आधीचं स्पष्टीकरण सांगतं की आधीच आजारी किंवा अशक्त असलेल्याला इजा करून त्याचं मरण अलीकडे ओढलं, तरी ते मरण आरोपीनेच घडवलं असं धरायचं. मी या पायरीला दोन ओळी ठेवल्या, त्याहून जास्त नाही. परीक्षकाला इथे निबंध नको असतो.

खरी मेहनत १०० आणि १०१ शेजारी ठेवून वाचण्यात गेली. वहीच्या दोन पानांवर मी दोन्ही कलमं समोरासमोर लिहून काढली. शंभरमध्ये तीन मनःस्थिती आहेत : मृत्यू घडवण्याचा उद्देश, मृत्यू येणं संभवनीय आहे अशी इजा करण्याचा उद्देश, आणि कृतीने मृत्यू येणं संभवनीय आहे ही जाणीव. एकशेएकमध्ये चार आहेत, आणि त्या या तिघींच्याच चढत्या आवृत्त्या आहेत. पहिल्या दोन्हीकडे सारख्याच : ठार मारायचाच उद्देश असेल तर तो खून, अपवाद लागला तरच खाली उतरणार. त्यामुळे जिथे उद्देश उघड आहे तिथे शंभर आणि एकशेएकमध्ये घोळ घालण्याचं कारणच उरत नाही. घोळ होतो तो मधल्या मनःस्थितीत. शंभर म्हणतं, मृत्यू येणं 'संभवनीय' आहे अशी इजा. एकशेएकचा तिसरा खंड म्हणतो, निसर्गक्रमानुसार मृत्यू घडवायला 'पुरेशी' इजा. आणि दुसरा खंड विशिष्ट माणसाबद्दल आहे : समोरच्याला अमुक आजार आहे हे आरोपीला ठाऊक आहे आणि तेच हेरून तो मारतो. निरोगी माणूस त्या फटक्याने मेला नसता, तरी हा खून. आजार ठाऊक नसेल आणि मारायचा उद्देशही नसेल, तर तोच फटका खून होत नाही.

या 'संभवनीय' आणि 'पुरेशी'मधलं अंतर मला पुस्तकातल्या व्याख्यांवरून कळलं नाही, १८७६ च्या एका निकालावरून कळलं. रेग विरुद्ध गोविंदा, मुंबई उच्च न्यायालय. अठरा वर्षांच्या नवऱ्याने पंधरा वर्षांच्या बायकोला लाथ मारली, पाठीत गुद्दे घातले, ती पडल्यावर छातीवर एक गुडघा टेकवून तोंडावर दोन-तीन ठोसे मारले. एक-दोन डाव्या डोळ्यावर बसले. कवटी फुटली नाही, पण मेंदूवर रक्त साकळलं आणि ती मेली. सत्र न्यायालयाने खून ठरवून फाशी सुनावली होती. उच्च न्यायालयात दोन न्यायाधीशांचं एकमत झालं नाही, म्हणून प्रकरण न्या. मेल्व्हिल यांच्याकडे गेलं. त्यांनी आपल्या दोन वहीपानांसारखीच दोन्ही कलमं समोरासमोर मांडली. ठार मारायचा उद्देश दिसत नाही. ठोसा निसर्गक्रमानुसार मारून टाकायला पुरेसा होता असंही म्हणता येत नाही. पण डोकं जमिनीला टेकलेलं असताना डोळ्यावर जोरात ठोसा बसला तर मेंदूला मार बसून मरण येणं संभवनीय आहे. म्हणून सदोष मनुष्यवध, खून नव्हे. त्यांनी एक व्यावहारिक खूणही दिली : हा फरक बहुधा हत्यारावर ठरतो. मर्मस्थानी मूठ किंवा काठी बसली तर मरण संभवनीय, तलवारीचा वार बसला तर ते पुरेसं.

आजच्या डोळ्यांनी हा निकाल वाचताना त्या मुलीचं वय मनातून जात नाही आणि शिक्षेबद्दल माझा न्यायाधीशांशी वाद आहे. पण कलमांची तुलना म्हणून दीडशे वर्षांत यापेक्षा स्वच्छ काही मला सापडलं नाही.

मेल्व्हिल यांची खूण घेऊन मी फावड्याच्या दांड्याकडे वळले तेव्हा पहिल्यांदा वाटलं, लाकडी दांडा म्हणजे काठी, म्हणजे 'संभवनीय', झालं उत्तर. पण समस्येत डॉक्टरांनी 'पुरेशी' म्हटलंय. मग इथे विरसा सिंग लागतो, आणि हा भाग जेवढा नीट लिहाल तेवढे मार्क.

विरसा सिंग विरुद्ध पंजाब राज्य, सर्वोच्च न्यायालय, १९५८. भाल्याचा एकच वार, पोटात. आतड्याची वेटोळी बाहेर आली, माणूस दुसऱ्या दिवशी मेला. बचाव असा की, वार करायचा होता हे खरं, पण इतकी प्राणघातक जखम करायचा उद्देश कुठे सिद्ध झालाय? न्या. विव्हियन बोस यांनी याचं उत्तर देताना तिसऱ्या खंडाच्या चार पायऱ्या सांगितल्या. शरीरावर इजा आहे हे सिद्ध करा. ती कसली इजा आहे ते सिद्ध करा. नेमकी तीच इजा करायची होती, म्हणजे ती चुकून, अपघाताने झालेली नाही किंवा दुसरीच कुठली इजा करायला जाऊन झालेली नाही, हे सिद्ध करा. या तीन झाल्या की चौथी : ती इजा निसर्गक्रमानुसार मारायला पुरेशी होती का. गंमत अशी की उद्देश फक्त तिसऱ्या पायरीवर लागतो. चौथी पायरी पूर्ण वस्तुनिष्ठ आहे, ती वैद्यकीय पुराव्यावर ठरते आणि तिथे आरोपीच्या मनाला विचारायचं नसतं. 'भोसकायचं होतं पण मारायचं नव्हतं' या वाक्याला तिसऱ्या खंडात जागा नाही, ती याचमुळे.

सर इथे थांबले आणि म्हणाले, "सगळे चौथ्या पायरीवर उड्या मारतात. सरकारी वकील तिसरीवर हरतो."

ही गोष्ट पटली ती हरजिंदर सिंग विरुद्ध दिल्ली प्रशासन (१९६८) वाचल्यावर. भांडणात मध्ये पडलेल्या माणसाला चाकू लागला, मांडीत, आणि मोठी रक्तवाहिनी तुटून तो मेला. डॉक्टरांच्या मते इजा पुरेशी होती. पण झटापटीत तो मध्ये आलेला, वाकलेला होता. मांडीच्या त्याच भागावर तोच वार करायचा होता हे सिद्ध झालं नाही. चौथी पायरी भक्कम, तिसरी निसटली, आणि शिक्षा ३०४ च्या पहिल्या भागाखाली झाली. नकला काढताना मला पडलेल्या कोड्याचं अर्धं उत्तर इथे होतं. पीएम रिपोर्ट बदलत नाही, साक्षीदारांच्या उलटतपासणीत फटका नेमका कुठे मारला आणि कुठे लागला हे बदलतं.

आता आपली समस्या. दोघे समोरासमोर उभे, अ ने दांडा उचलून डोक्यावरच मारला, ब खाली वाकला किंवा वळला असं कुठेही दिलेलं नाही. म्हणजे तिसरी पायरी पूर्ण. डॉक्टरांची साक्ष चौथी पूर्ण करते. मेल्व्हिल यांची काठीची खूण ही खूण आहे, नियम नव्हे. दांड्याने कवटी फुटली असेल तर 'काठी होती' म्हणून ती 'संभवनीय'वर आपोआप खाली येत नाही. माझं उत्तर म्हणून असं गेलं : कलम १०१ चा तिसरा खंड लागू, सकृद्दर्शनी खून. उत्तराच्या मध्यावर हे वाक्य लिहायला हात कचरतो, कारण मनाला शेवट वेगळा दिसत असतो. पण ते लिहायचंच. अपवाद हा खुनाला असतो, आणि खून ठरवल्याशिवाय अपवादाचं दार उघडत नाही.

पाच अपवादांपैकी पेपरात बहुधा दोनांचीच गरज पडते, गंभीर व आकस्मिक प्रक्षोभ आणि अचानक झालेली मारामारी. पहिल्याचं नाव घेतलं की प्रत्येकजण नानावटी लिहितो. इथे नानावटी नको. गुद्दा खाल्ल्यावर राग येणं म्हणजे आत्मसंयम गमावण्याइतका गंभीर प्रक्षोभ, असं ओढूनताणून सिद्ध करण्यापेक्षा चौथा अपवाद सरळ बसतो. त्याच्या अटी मी एकेक तथ्याला जोडून लिहिल्या. पूर्वनियोजन नाही, कारण पाळीवरून वाद तिथल्या तिथे उसळला आणि फावडं कामासाठी हातात होतं, घरून आणलेलं नव्हतं. अचानक भांडणातून अचानक मारामारी झाली, आणि ती दोन्ही बाजूंनी झाली, कारण ब ने धक्का आणि गुद्दा दिला होता. आधी कोणी डिवचलं याने फरक पडत नाही, हे त्या अपवादाच्या स्पष्टीकरणातच आहे. रागाच्या भरात केलं. गैरफायदा घेतला नाही किंवा क्रूर, असाधारण पद्धतीने वागला नाही, कारण फटका एकच आणि ब पडल्यावर थांबला.

शेवटच्या अटीवर सर आमच्याशी वकिलासारखे भांडले. ब निःशस्त्र होता ना? मग दांडा वापरणं हा गैरफायदा नाही का? हा प्रतिवाद उत्तरात लिहावाच. मी असं लिहिलं की निःशस्त्र माणसावर हत्यार वापरणं ही अ च्या विरोधातली बाब आहे, पण हत्यार शोधून आणलेलं नाही, लोखंडी पातं न वापरता दांडा वापरला, आणि वार पुन्हा केला नाही. अपवादात आपण बसतो हे दाखवण्याचा भार आरोपीवर असतो हेही एका वाक्यात. त्याने घरी जाऊन कुऱ्हाड आणली असती, किंवा ब खाली पडल्यावर आणखी दोन फटके घातले असते, तर मी हा अपवाद नाकारला असता आणि उत्तर १०३ वर, जन्मठेप किंवा फाशीवर संपवलं असतं.

अपवाद लागला. आता १०५ चा कुठला भाग? इथे बऱ्याच उत्तरांत 'खून नाही म्हणून भाग दोन' असं सरधोपट लिहिलेलं असतं. कलमाची रचना तशी नाही. मृत्यू घडवण्याचा किंवा संभवनीय इजा करण्याचा उद्देश असेल तर पहिला भाग : जन्मठेप, किंवा पाच वर्षांपेक्षा कमी नाही अशी दहा वर्षांपर्यंतची कैद, आणि दंड. नुसती जाणीव असेल, उद्देश नसेल, तर दुसरा : दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड. आपण तिसऱ्या खंडावरून, म्हणजे इजा करण्याच्या उद्देशावरून खाली आलो आहोत. अपवादाने गुन्ह्याचं नाव बदललं, मनातला उद्देश पुसला नाही. म्हणून पहिला भाग. एकशेएकच्या चौथ्या खंडावरून, नुसत्या जाणिवेवरून, एखादं प्रकरण अपवादात उतरलं असतं तर दुसरा भाग. एक फटका, अचानक भांडण अशा तथ्यांवर न्यायालयांनी दुसरा भाग लावल्याचे निकालही आहेत, त्यामुळे पहिला लिहा किंवा दुसरा, कारण दिलेलं हवं. पण माझ्या मते या तथ्यांवर पहिलाच बरोबर आहे.

मग सरांनी समस्या फिरवायला सुरुवात केली.

फावडं काढून घेतलं. अ ने नुसती थोबाडीत मारली, ब चिखलात घसरला, कॅनॉलच्या दगडी कडेवर डोकं आपटलं आणि मेला. अर्ध्या वर्गाने लगेच '१०६, हयगय' म्हटलं. तसं होत नाही. १०६ हे उरलंसुरलं टाकायचं खातं नाही. थोबाडीत हेतुपुरस्सर मारली आहे. अ कुठलंही काम निष्काळजीपणाने करत नव्हता, तो मारत होता. त्यात मृत्यूचा उद्देश नाही, मृत्यू संभवनीय आहे अशी जाणीव साध्या थोबाडीत मारताना धरता येत नाही, म्हणून शंभरही नाही. मग अ ने जी दुखापत करण्याचा उद्देश धरला किंवा जी संभवनीय होती तेवढीच त्याच्या माथी, म्हणजे साधी इच्छापूर्वक दुखापत. माणूस मेला आणि गुन्हा दुखापतीचा, हे पचायला जड जातं. मला अजूनही जातं. पण मरणाच्या परिणामावरून मनःस्थिती मागे ओढायची नाही, हे या कलमांचं सगळ्यात कठोर सूत्र आहे. थोबाडीच्या जागी पडलेल्या माणसाच्या डोक्यावर ठोसे घाला, आणि आपण परत गोविंदाच्या जागी.

मग भांडणच काढून टाकलं. अ च्या उसात रानडुकरं शिरतात म्हणून त्याने बांधाच्या कडेने उघडी तार लावून त्यात रात्री थ्री-फेजचा करंट सोडला. ब पाणी द्यायला बांधावरून गेला आणि चिकटून मेला. आमच्या भागात असल्या केसेस नकलेला येतात, म्हणून या फिरवणीत मी जरा जास्त रमले. ब ला मारण्याचा किंवा कोणालाही इजा करण्याचा उद्देश नाही, म्हणून इथे फक्त जाणिवेचा जिना शिल्लक राहतो. त्याच्या वरच्या टोकाला एकशेएकचा चौथा खंड : कृती इतकी धोकादायक की मृत्यू जवळजवळ नक्कीच होणार, हे ठाऊक असून काहीही सबब नसताना ती करणं. कायद्यातलं त्याचं उदाहरण म्हणजे गर्दीवर भरलेली तोफ डागणं. त्याखाली शंभरमधली संभवनीयतेची जाणीव, म्हणजे १०५ चा दुसरा भाग. आणि सर्वांत खाली १०६, जिथे मरण येईल ही जाणीव नाही, पण शहाण्या माणसाने घेतली असती ती काळजीही घेतलेली नाही, किंवा धोका आहे हे दिसत असून 'काही होणार नाही' म्हणून बेदरकारपणे पुढे गेला.

तार कुठे बसते हे मला तथ्यांना विचारावं लागलं. चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य (१९६४) मध्ये आरोपीने शेजाऱ्यांनी आपला संडास वापरू नये म्हणून विजेची उघडी तार लावली होती आणि त्यात एक बाई मेली. शिक्षा ३०४ अ खालीच झाली, आणि आगंतुकाविरुद्ध असा सापळा लावायचा हक्क मालमत्तेच्या मालकाला नाही हे न्यायालयाने स्पष्ट केलं. मात्र हा निकाल डोळे मिटून चिकटवायचा नाही. आपल्या समस्येत बांध ही रोजची पायवाट आहे का? आज रात्रीची पाळी ब ची आहे हे अ ला ठाऊक होतं का? त्याने कोणाला सांगितलं, कंदील किंवा पाटी लावली का? पायवाट रोजची, पाळी ठाऊक, आणि सांगितलं कोणालाच नाही, असं असेल तर मी १०५ च्या दुसऱ्या भागाकडे जाईन. तार शेताच्या आत, जिथे रात्री कोणी येत नाही अशा ठिकाणी असेल, तर १०६. फरक तारेच्या व्होल्टेजमध्ये नसतो, अ ला माणसांबद्दल काय माहीत होतं यात असतो.

जाणीव आणि हयगय यांमधली ही रेघ रस्त्यावरच्या प्रकरणांत कशी हलते, यासाठी मी एकच निकाल ठेवला : अॅलिस्टर अँथनी परेरा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. नोव्हेंबर २००६, वांद्र्याचा कार्टर रोड, पहाटेची वेळ. दारू प्यायलेल्या चालकाची गाडी फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गेली. सात मेले, आठ जखमी झाले. सत्र न्यायालयाने ३०४ अ खाली सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने ३०४ भाग दोन लावून तीन वर्षं दिली, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. बेदरकारपणाच्या जोडीला कृतीच्या धोकादायक स्वरूपाची आणि त्यातून मरण येणं संभवनीय असल्याची जाणीव असेल, तर प्रकरण ३०४ अ मध्ये अडकून राहत नाही, हा त्यातला मुद्दा. यावरून 'दारू पिऊन गाडी चालवली म्हणजे भाग दोन' असं सरसकट लिहिणारी उत्तरं मी पाहिली आहेत. दारू हा जाणिवेचा एक पुरावा आहे, इतकंच. चालक रस्ता ओळखतो का, तिथे माणसं झोपतात हे त्याला दिसत होतं का, वेग किती, हे सगळं मिळून जाणीव ठरते.

पेपरात प्रत्यक्ष समस्या आली ती पाण्याच्या पाळीची नव्हती, लग्नाच्या वरातीतल्या भांडणाची होती, पण चाल तीच लागली. मृत्यूचं कारण, शंभर, एकशेएक, विरसा सिंगच्या चार पायऱ्या, अपवाद, १०५ चा भाग, या क्रमाने लिहिलं. जवळपास अर्धी जागा मी तिसऱ्या पायरीला दिली, कारण समस्येत मयताने हात आडवा घातला होता आणि चाकू खांद्याऐवजी मानेत गेला होता. नेमकी तीच इजा करायची होती का, हा वाद दोन्ही बाजूंनी मांडला आणि हरजिंदर सिंगच्या आधारे तिसरा खंड नाकारून शंभरमधल्या दुसऱ्या मनःस्थितीवर आले. म्हणजे अपवादाची गरजच पडली नाही.

समस्येत घटनेची तारीख होती, मे २०२४. ती बघून माझ्या शेजारच्या बाकावरची मुलगी थबकली होती, हे नंतर बाहेर बोलताना कळलं. न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, म्हणून त्याआधी केलेल्या कृतीला दंड संहितेचीच कलमं : २९९, ३००, ३०४. बहुतेक मजकूर तोच असला तरी शिक्षा तशीच नाही. जुन्या ३०४ च्या पहिल्या भागात किमान पाच वर्षांची अट नव्हती, दुसऱ्या भागात नुसता दंडही चालत असे, आणि ३०४ अ ला कमाल दोनच वर्षं होती. नव्या १०६ मध्ये ती पाच झाली, नोंदणीकृत डॉक्टरांसाठी मात्र दोनच ठेवली. अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारं १०६ चं दुसरं पोटकलम वाहनचालकांच्या आंदोलनानंतर थांबवलं गेलं आणि बाकी संहिता लागू झाली तेव्हा ते लागू केलं गेलं नाही, त्यामुळे ते उत्तरात आधार म्हणून घेऊ नये. मी जुनी कलमं मुख्य मजकुरात लिहिली आणि प्रत्येकापुढे नव्या कलमाचा आकडा टाकला.